शून्याचं फॅक्टोरियल आणि २५६ बाइटांची रॅम: ८०५१ वरचं एक प्रकरण

डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळांमध्ये ८०५१ घराण्याच्या चिपा अजून रोज वापरात आहेत. इंटेलने मूळ ८०५१ आणली १९८० मध्ये. आज किटवर बहुधा अ‍ॅटमेलची एटी८९सी५१ किंवा एटी८९एस५२ बसवलेली असते. अशाच एस५२ च्या किटवरचं हे प्रकरण. पोर्ट १ ला आठ स्विच, पोर्ट २ ला आठ एलईडी. स्विचवर संख्या लावायची, चिपने तिचं फॅक्टोरियल रिकर्शनने काढायचं आणि एलईडीवर दाखवायचं. ३ लावलं की ६ दिसे, ५ लावलं की १२० दिसे. सगळे स्विच खाली केले, म्हणजे ० लावलं, की एलईडी आधीच्या उत्तरावर गोठून राहत. गंमत पुढेच होती. परत ३ लावलं की चिप काहीच न घडल्यासारखी ६ दाखवे. रीसेटचं बटण दाबावं लागत नसे.

विद्यार्थ्यांचा अंदाज होता की स्विचची जोडणी सैल असावी. चिप खरोखर हँग झाली असती तर ती अशी आपोआप सावरली नसती, म्हणून हा अंदाज वरवर पटण्यासारखा होता. पण जोडणी ठीक होती. कारण स्टॅकमध्ये होतं, आणि ते बाइट मोजून शेवटपर्यंत गाठता येतं.

पूर्ण प्रोग्रॅम २६ बाइटांचा आहे:

```
0000        MOV   SP,#2FH
0003 NEXT:  MOV   A,P1
0005        LCALL FACT
0008        MOV   P2,A
000A        SJMP  NEXT
000C FACT:  CJNE  A,#1,REC
000F        RET
0010 REC:   PUSH  ACC
0012        DEC   A
0013        LCALL FACT
0016        POP   B
0018        MUL   AB
0019        RET
```

पहिली ओळ आधी समजून घेऊ. रीसेटनंतर ८०५१ चा स्टॅक पॉइंटर `07H` वर असतो, म्हणजे स्टॅकचा पहिला बाइट `08H` मध्ये जातो. तिथे दुसऱ्या रजिस्टर बँकेचा `R0` आहे. त्याच्यावर `20H` ते `2FH` हा एकेक बिट स्वतंत्रपणे हाताळता येणारा भाग आहे. या दोन्हींना धक्का लागू नये म्हणून `SP` मध्ये `2FH` भरला आहे. दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ८०५१ चा स्टॅक वर वाढतो. `PUSH` आधी `SP` एकाने वाढवतो, मग बाइट ठेवतो. एव्हीआर, एआरएम किंवा पीसीवरचा प्रोसेसर शिकून आलेल्याला हे उलटं वाटतं, कारण तिथे स्टॅक खाली उतरतो.

आता ५ लावल्यावर काय होतं ते पाहू. `LCALL` परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवतो, आधी खालचा बाइट, मग वरचा. मुख्य प्रोग्रॅममधून आलेल्या हाकेचा परतीचा पत्ता `0008` आहे. त्यानंतर `FACT` स्वतःला जितक्या वेळा हाक मारतं, त्या प्रत्येक वेळी परतीचा पत्ता एकच असतो: `0016`. प्रत्येक पायरीवर वेगळा असतो तो फक्त `PUSH ACC` ने ठेवलेला आकडा. `A` मध्ये १ उरतो तेव्हा स्टॅक असा दिसतो:

```
30H: 08   31H: 00   32H: 05
33H: 16   34H: 00   35H: 04
36H: 16   37H: 00   38H: 03
39H: 16   3AH: 00   3BH: 02
3CH: 16   3DH: 00   <- SP = 3DH
```

शेवटच्या ओळीत तिसरा बाइट नाही. १ साठी `CJNE` लगेच `RET` कडे जाऊ देतं, `PUSH` पर्यंत गाडी जातच नाही. म्हणून n साठी लागणारी जागा ३n − १ बाइट. पाचासाठी १४. हे सूत्र पुढे सतत लागणार आहे.

परतीचा प्रवास उलट्या क्रमाने होतो. पहिला `RET` `3DH` आणि `3CH` मधले बाइट उचलून `0016` वर जातो. `POP B` ने `B` मध्ये २ येतो, `MUL AB` ने `A` मध्ये २. पुढच्या फेरीत ३ येतो आणि `A` होतो ६, मग २४, मग १२०. शेवटचा `RET` `0008` वर पोचतो आणि `SP` पुन्हा `2FH` वर येतो. लहानशा एका नियमाचं उत्तर स्टॅकवर असं टप्प्याटप्प्याने साठतं आणि टप्प्याटप्प्याने उलगडतं. विद्यार्थ्याने हे चौदा बाइट एकदा स्वतः कागदावर भरावेत असं मला मनापासून वाटतं, कारण रिकर्शनची व्याख्या पाठ करून हे कधीच डोळ्यांसमोर येत नाही.

स्टॅक कुठे फुटतो ते पाहण्याआधी उत्तर कुठे चुकायला लागतं ते पाहायला हवं, कारण ते फार लवकर चुकतं. `MUL AB` दोन आठ-बिटी संख्यांचा सोळा-बिटी गुणाकार करतं, खालचा बाइट `A` मध्ये आणि वरचा `B` मध्ये ठेवतं. आपला प्रोग्रॅम वरचा बाइट वापरतच नाही. सहाचं फॅक्टोरियल ७२०, ते एका बाइटात मावत नाही. `A` मध्ये उरतात २०८ आणि एलईडीवर तेच दिसतं. त्या वेळी स्टॅकवर फक्त १७ बाइट आहेत, चिपच्या दृष्टीने किरकोळ. सातला १७६ दिसतं, आठ आणि नऊ दोन्हींना १२८. दहापासून पुढे, स्टॅक फुटेपर्यंत, सगळीकडे शून्य, कारण १०! ला २५६ ने पूर्ण भाग जातो.

यावर उपाय म्हणून काही जण `MUL` नंतरचा `OV` ध्वज पाहायला सांगतात. गुणाकार २५५ च्या वर गेला की तो १ होतो, हे खरं. पण प्रत्येक `MUL` हा ध्वज नव्याने लिहितं, म्हणून मुख्य प्रोग्रॅममध्ये परतल्यावर दिसतो तो फक्त शेवटच्या गुणाकाराचा. सहा ते दहापर्यंत तो बरोबर इशारा देतो. अकराला मात्र शेवटचा गुणाकार ० × ११ असतो. त्याचं उत्तर शून्य, म्हणून `OV` शून्य. म्हणजे ११! बरोबर निघालं आणि ते ० आहे, असं चिप सांगते. `OV` वापरायचाच असेल तर प्रत्येक पातळीवर, `MUL` च्या लगेच खालच्या ओळीत तपासावा लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे. ० लावल्यावर `CJNE A,#1` मध्ये ० आणि १ वेगळे ठरतात, म्हणून प्रोग्रॅम थांबत नाही. शून्य स्टॅकवर जातो आणि `DEC A` होतो. आठ बिटांत शून्यातून एक वजा केला की २५५ येतो. तिथून २५४, २५३ असं उतरत शेवटी १ येतो. एकूण २५६ हाका. त्यांचे परतीचे पत्ते ५१२ बाइट आणि `PUSH` केलेले आकडे २५५, मिळून ७६७ बाइट. एस५२ मध्ये एकूण रॅम २५६ बाइट आहे.

इथे बहुतेकांना वाटतं की स्टॅक `80H` च्या पुढे गेला की तिथल्या विशेष रजिस्टरांवर, म्हणजे `SP`, `P1`, `P2` यांच्यावर लिहितो आणि म्हणून सगळं बिघडतं. तसं होत नाही. `80H` ते `FFH` हे पत्ते दोनदा वापरलेले आहेत. थेट पत्ता देऊन गेलं की विशेष रजिस्टरं मिळतात, आणि पॉइंटरमार्फत गेलं की एस५२ मध्ये वरची १२८ बाइट रॅम मिळते. स्टॅक नेहमी पॉइंटरमार्फतच जातो. म्हणून पोर्ट सुरक्षित राहतात, आणि एलईडी जुन्या उत्तरावर गोठले त्याचं एक कारण हेच.

खरी घटना `FFH` च्या पुढे घडते. `SP` आठ बिटांचा आहे, म्हणून `FFH` नंतर तो `00H` वर येतो. पहिल्या रजिस्टर बँकेवरून जातो, बिटांच्या भागावरून जातो, `30H` ला स्वतःच्याच पहिल्या बाइटवर लिहितो आणि पुढे चालत राहतो. या उतरणीत काहीही बिघडल्याचं दिसत नाही, कारण चालू आकडा `A` मध्ये आहे, रॅममध्ये नाही. ७६७ बाइट लिहून झाल्यावर `SP` कुठे असेल? ७६७ म्हणजे २५६ च्या तीन पूर्ण फेऱ्यांना एक कमी. म्हणून `SP` `2EH` वर असतो, सुरुवातीच्या जागेच्या फक्त एक पाऊल मागे. त्या क्षणी कुणी डीबगरमध्ये `SP` पाहिला तर स्टॅक जवळजवळ रिकामा आहे असंच वाटेल.

परतीचा प्रवास सुरू होतो तेव्हा शेवटचे २५६ बाइट जसेच्या तसे आहेत, त्याआधीचे मात्र पुसले गेले आहेत. पहिला `RET` दोन बाइट घेतो. त्यानंतर प्रत्येक पातळी तीन बाइट घेते: एक आकडा, मग पत्त्याचा वरचा बाइट, मग खालचा. अशा ८४ पातळ्या बिनचूक उलगडतात आणि एकूण २५४ बाइट वाचून होतात. पंचाऐंशीव्या पातळीवर आकडा (८६) बरोबर मिळतो, पत्त्याचा वरचा बाइट `00` हाही बरोबर मिळतो. इथे २५६ बाइट संपले. आता खालचा बाइट हवा, तो `16` असायला हवा. पण `SP` पूर्ण चक्कर मारून पुन्हा `2EH` वर आलेला असतो. `2EH` मध्ये काय आहे? सर्वांत शेवटी लिहिलेला बाइट, म्हणजे पत्त्याचा वरचा बाइट, `00`. `POP` किंवा `RET` वाचलेला बाइट पुसत नाहीत, त्यामुळे तो तिथेच आहे. `RET` ला पत्ता मिळतो `0000`.

`0000` म्हणजे प्रोग्रॅमची पहिली ओळ. `SP` पुन्हा `2FH` होतो, स्विच वाचले जातात, ते अजून शून्यच आहेत, आणि तीच चक्कर पुन्हा. `MOV P2,A` या ओळीपर्यंत गाडी पोचतच नाही, म्हणून एलईडी हलत नाहीत. स्विच ३ वर केला की पुढच्या चकरीत ३ वाचला जातो, उत्तर ६ येतं आणि सगळं सुरळीत. चिप हँग झालीच नव्हती, ती सतत नव्याने सुरू होत होती. १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एक मशीन सायकल एक मायक्रोसेकंदाची. सूचनांच्या सायकली मोजल्या तर एका चकरीला सुमारे २.४७ मिलिसेकंद लागतात.

हे कागदावरच न ठेवता खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे `0000` वर, सगळ्यांत आधी, `CPL P3.0` ही एक सूचना टाकायची. नीट चालणारा प्रोग्रॅम `NEXT` कडे परततो, `0000` कडे नाही, म्हणून ही पिन चालू केल्यावर एकदाच बदलायला हवी. शून्य लावल्यावर मात्र ऑसिलोस्कोपवर सुमारे २०० हर्ट्झची चौकोनी लहर दिसते आणि रीसेटच्या पिनवर काहीच हालचाल नसते. सूचना वाढल्याने पत्ते दोन बाइटांनी सरकतात, पण त्यांचा वरचा बाइट `00` च राहतो, म्हणून निष्कर्ष बदलत नाही. प्रोग्रॅम मोठा असता आणि `FACT` समजा `0300` च्या पुढे असतं, तर तो वरचा बाइट `03` असता आणि चिप `0303` वर जाऊन पडली असती. तिथे जे काही असेल ते तिने चालवलं असतं. पुन्हा सुरू होणं हा इथल्या पत्त्यांचा परिणाम आहे, चिपने दिलेलं संरक्षण नव्हे.

याच हिशेबाने सगळ्या इनपुटांचं चित्र स्पष्ट होतं. एस५२ वर ६९ पर्यंत स्टॅक `FFH` च्या आत राहतो. ७० ते ८५ मध्ये तो `00H` वर येऊन रजिस्टर बँक आणि बिटांचा भाग खराब करतो, पण स्वतःच्या बाइटांपर्यंत पोचत नाही, म्हणून हा प्रोग्रॅम परततो. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये `R0` मध्ये काही महत्त्वाचं असतं तर ते गेलं असतं आणि दोष भलतीकडेच शोधला गेला असता. ८६ पासून २५५ पर्यंत, आणि शून्याला, चिप `0000` वर जाते.

तोच प्रोग्रॅम एटी८९सी५१ वर टाकला तर वेगळंच दिसतं. तिच्यात रॅम १२८ बाइटच आहे आणि `7FH` ला संपते. पुढे `PUSH` केलेले बाइट हरवतात, आणि तिथून `POP` केल्यावर काय मिळेल ते ठरलेलं नाही. `30H` ते `7FH` म्हणजे ८० बाइट. ३n − १ = ८० चं उत्तर नेमकं २७ येतं, म्हणजे सत्तावीस शेवटचा बाइट भरून परततं. अठ्ठावीसला पहिलाच `RET` नसलेल्या रॅममधून पत्ता वाचतो. शून्याला तर आधी सोळा `RET` नीट होतात, कारण फेरी मारून आलेला स्टॅक तोवर खालच्या रॅममध्ये असतो, आणि मग `SP` `00H` वरून `FFH` ला गेला की चिप भरकटते. म्हणून सिम्युलेटरमध्ये हे प्रकरण पाहताना चिप कोणती निवडली आहे ते आधी पाहावं. ५२ निवडून मिळालेलं वर्तन ५१ च्या किटवर मिळणार नाही.

शिवाय सत्तावीस ही मर्यादा इंटरप्ट बंद असतानाची. टायमरचा इंटरप्ट चालू असेल तर तो परतीच्या पत्त्याचे दोन बाइट ठेवतो आणि त्याचा रूटीन सहसा `ACC` आणि `PSW` चे आणखी दोन. सर्वांत खोल क्षणी हे चार बाइट मावायला हवेत. ८० मधून ते काढले की मर्यादा २५ वर येते.

दुरुस्ती दोन ठिकाणी हवी. `FACT` ने दोनपेक्षा लहान कुठल्याही आकड्याला थांबायला हवं:

```
FACT:   CJNE  A,#2,CHK
CHK:    JNC   REC
        MOV   A,#1
        RET
```

`CJNE` ची इथली उडी लगेच पुढच्याच ओळीवर आहे. तिचा उपयोग तुलनेसाठी: `A` दोनपेक्षा लहान असेल तर ती कॅरी १ करते. दुसरी दुरुस्ती मुख्य प्रोग्रॅममध्ये, `LCALL` च्या आधी. सहा किंवा मोठा आकडा आला तर हाकच मारायची नाही, एलईडीवर चूक झाल्याची खूण दाखवायची. मग स्टॅक कधीच १४ बाइटांच्या वर जात नाही. ते खरोखर पाळलं जातंय का हे पाहायला सुरुवातीला `30H` पासून वरची रॅम `A5H` ने भरून ठेवावी आणि नंतर `A5H` कुठपर्यंत शाबूत आहे ते वाचावं. पाचानंतर `3DH` पर्यंतचे बाइट बदललेले आणि `3EH` अजून `A5H` दिसला पाहिजे.

हेच काम `DJNZ` च्या फेरीने केलं तर `FACT` ला स्टॅकवर एका परतीच्या पत्त्यापलीकडे काही लागत नाही. तिथेही शून्य घातक आहे, कारण `DJNZ` शून्यातून एक वजा करून २५५ करतं आणि फेरी २५६ वेळा फिरते. पण पहिलाच गुणाकार शून्याने झाल्यामुळे उत्तर ० येतं आणि प्रोग्रॅम पुढे जातो. उत्तर चुकतं, चिप मात्र जागेवर राहते. फॅक्टोरियलसाठी लहान चिपवर मी फेरीच वापरेन. रिकर्शन इथे उपयोगी आहे ते स्टॅक दाखवायला.

मायक्रोचिपच्या पीआयसी १६एफ८४ए वर हा प्रश्न आणखी आवळतो. तिथे परतीच्या पत्त्यांचा स्टॅक रॅममध्ये नसतोच. तो चिपमधला वेगळा, आठ खणांचा आहे, आणि `PUSH`, `POP` या सूचनाही नाहीत. आकडे प्रोग्रॅमने स्वतः `FSR` वापरून रॅममध्ये साठवायचे. आठ हाकांपर्यंत ठीक, नववी पहिल्या खणावर लिहिते. सोळा बिटांत मावणारं शेवटचं फॅक्टोरियल आठाचं, ४०३२०, म्हणजे उत्तर आणि स्टॅक दोघांची मर्यादा एकाच आकड्यावर येते. त्यामुळे ८! चाचणीत पास होतं. नंतर कुणीतरी टायमरचा इंटरप्ट चालू करतं. तो नेमका सर्वांत खोल हाकेत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गुणाकाराच्या सबरूटीनमध्ये आला, तर त्याचा परतीचा पत्ता नववा ठरतो आणि मुख्य प्रोग्रॅमचा पत्ता पुसतो. सगळ्या पातळ्या बरोबर उलगडतात, फक्त शेवटचा `RETURN` मुख्य प्रोग्रॅमऐवजी इंटरप्ट जिथे आला होता तिथे नेतो. ही संधी काही मायक्रोसेकंदांचीच असल्यामुळे दोष कधीतरीच दिसतो आणि पुन्हा घडवून दाखवता येत नाही. या चिपमध्ये स्टॅक भरल्याचा ध्वज नाही. पीआयसी१८ मध्ये खण ३१ आहेत, `STKFUL` हा ध्वज आहे, आणि `STVREN` चालू ठेवला तर स्टॅक ओलांडल्यावर चिप स्वतः रीसेट होते. ८०५१ मध्ये यातलं काहीच नाही. तिथे रॅममधला `A5H` चा ठसा वाचणं आणि ३n − १ चा हिशेब हाताने करणं, हीच दोन साधनं हाताशी आहेत.